खोली नंबर ३८ : एकाहत्तर माणसांच्या ग्रुपला नाव देताना

गेल्या बुद्धपौर्णिमेला आमच्या आत्याआजी, म्हणजे आमच्या आजोबांच्या धाकट्या बहीण, नातीच्या शेजारी बसल्या होत्या. वय ८६. वाचता येत नाही. नातीच्या मोबाईलवर खिरीचे फोटो येत होते. "कुणाचं आलं हे?" असे त्यांनी विचारले. नातीने ग्रुपचे नाव वाचून दाखवले. आमचे आडनाव आणि पुढे 'परिवार'. आत्याआजी थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "लग्नाला अडुसष्ट वर्षं झाली, ते आडनाव माझं राहिलं नाही. मग मी ह्यात पाहुणी म्हणून हाय का?"

हा प्रश्न नातीने व्हॉइस मेसेज करून त्याच ग्रुपवर टाकला. पुढचे पाच आठवडे आमच्या घरात जे झाले ते इथे लिहीत आहोत, कारण हा ग्रुप तुमच्याही मोबाईलमध्ये आहे. आडनाव वेगळे असेल, 'परिवार' ऐवजी 'फॅमिली' असेल, एवढाच फरक.

आधी मोजणी केली. समाजशास्त्राचे शिक्षण घेतल्याने आम्हाला वंशावळ काढायची खोड आहे. ग्रुपमध्ये एकाहत्तर माणसे. त्यात आमचे आडनाव लावणारी सत्तावीस. उरलेली चव्वेचाळीस म्हणजे लेकी, लेकींची मुले, जावई, नातजावई आणि लग्नानंतरही आपले आडनाव न बदललेल्या तीन सुना. म्हणजे ज्या ग्रुपला 'परिवार' म्हणत होतो, त्याच्या पाटीवर निम्म्याहून जास्त माणसांचे नावच नव्हते. २०१६ साली एका चुलतभावाने लग्नाच्या निरोपासाठी हा ग्रुप काढला, डोक्यात आले ते नाव टाकले आणि पुढे माणसे वाढत गेली. कुणी वाईट हेतूने केले नाही. पण पितृसत्तेला वाईट हेतूची गरज कधी लागली आहे? मराठीत भावकी वेगळी आणि सोयरे वेगळे. बापाच्या बाजूचे ते भाऊबंद, लेक दिली ते सोयरे. आडनावाचा ग्रुप हा मुळात भावकीचा ग्रुप असतो. त्यात सोयरे भरले तरी पाटी भावकीचीच राहते.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा नावाचे काय घेऊन बसलात? ज्याला जे आवडते ते त्याने मनात म्हणावे. इथे व्हॉट्सॲपची एक साधी गोष्ट आडवी येते. माणसाचा नंबर आपण हव्या त्या नावाने सेव्ह करू शकतो. एकच माणूस आमच्या फोनमध्ये 'मोठे काका', त्यांच्या मुलाच्या फोनमध्ये 'पप्पा' आणि गावच्या भावजयीच्या फोनमध्ये 'मुंबईवाले' असतो. ग्रुपचे तसे नाही. ग्रुपचे नाव सगळ्यांच्या फोनवर एकच दिसते. आत्याआजींच्या नातीला स्वतःपुरते ते बदलता येत नाही. म्हणून एकाहत्तर जणांना चालेल असे एकच नाव शोधणे भाग होते, आणि ते शोधताना घरातले सगळे जुने हिशेब वर आले.

पहिल्या आठवड्यात गोंधळ झाला. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मुळात कोणत्याही सदस्याला नाव बदलता येते. पोरांनी ते ओळखले आणि सहा दिवसांत नाव अकरा वेळा बदलले. प्रत्येक वेळी सगळ्यांच्या पडद्यावर 'अमक्याने ग्रुपचे नाव बदलले' अशी ओळ उमटायची. गावच्या काकूंना वाटले ग्रुप बंद पडला, त्यांनी दोनदा फोन केला. शेवटी ग्रुपच्या परमिशनमध्ये जाऊन ग्रुपची माहिती बदलण्याचा अधिकार फक्त ॲडमिनकडे ठेवला. तुम्ही हे काम हातात घेणार असाल तर चर्चा सुरू करण्याआधीच हे करा, आम्ही उशिरा केले. आणि ॲडमिन फक्त पुरुष असतील तर त्याच बैठकीत दोन बाया ॲडमिन करून घ्या. आमच्याकडे चारही ॲडमिन पुरुष होते, हे आम्हाला नऊ वर्षांनी कळले!

मग पुण्याच्या भाच्याने पोल टाकला. एका पोलमध्ये बारा पर्याय देता येतात, त्याने बाराही भरले. दोन दिवसांत एकोणीस मते पडली. ती सगळी पुरुषांची आणि कॉलेजच्या पोरांची. सुना गप्प का? कारण सोपे आहे. पोलमध्ये कुणी कशाला मत दिले ते सगळ्यांना दिसते. मोठ्या काकांनी एका नावापुढे बोट ठेवले, मग त्यांच्या सुनेने दुसऱ्या नावापुढे कशी खूण करायची? ही लोकशाही झाली की हजेरी? आम्ही पोल सोडून दिला आणि वस्तीत सर्वेक्षण करतो तसे केले. प्रत्येक घरात फोन. आधी लेकरांशी बोलायचे, मग बायांशी आणि शेवटी कर्त्या पुरुषाशी. याच क्रमाने. उलट क्रमाने गेलो असतो तर कर्त्याचेच उत्तर सगळ्यांच्या तोंडून ऐकू आले असते.

फोनवर आलेली नावे बरीच होती. त्यातल्या तिघांवर खरा वाद झाला.

पहिले नाव पोरांचे. `Blue Bloods`. निळा आपला रंग, म्हणून. चौदा वर्षांच्या पुतणीने ते मोठ्या अभिमानाने सांगितले. आम्ही तिला विचारले, इंग्रजीत याचा अर्थ काय ते पाहिलेस का? तिने पाहिले आणि स्वतःच फोन केला. इंग्रजीत हे सरदार-उमरावांच्या घराण्यांना म्हणतात, ज्यांना आपले रक्त इतरांपेक्षा शुद्ध वाटते त्यांना. ज्या कल्पनेने आपल्या पूर्वजांना गावाबाहेर ठेवले तीच कल्पना निळा रंग देऊन आपण दारावर लावायची होती. पुतणी म्हणाली, "जोक म्हणून पण नको." हाच न्याय मग 'रॉयल', 'घराणे', 'राजवाडा' या सगळ्यांना लागला. आपल्यातही ही हौस वाढली आहे, आम्ही ती लग्नपत्रिकांवर रोज पाहतो. 'गोतावळा' हा शब्द मात्र आम्हाला मनापासून आवडतो. पण त्यातला 'गोत' गोत्रातून आला आहे. बाबासाहेबांनी १९१६ च्या कोलंबियातल्या निबंधात जातीचे यंत्र उलगडताना गोत्राबाहेर लग्न आणि जातीच्या आत लग्न हे दोन नियम एकमेकांवर कसे बसले ते दाखवले आहे. आमच्या घरात तीन आंतरजातीय लग्ने झाली आहेत. त्यांच्या ग्रुपला गोताचे नाव देणे आम्हाला पटले नाही. कुणी दिले तर त्याच्याशी भांडायला मात्र जाणार नाही.

दुसरे नाव मोठ्या काकांचे. 'जयभीम परिवार'. यावर तुमच्यातल्या अनेकांचे मत आधीच तयार असेल. आमचेही होते. काका १९५६ साली पाच वर्षांचे होते. ७ डिसेंबरला दादरला बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी हजारो लोकांनी धम्मदीक्षा घेतली, त्या गर्दीत त्यांच्या वडिलांच्या खांद्यावर ते होते. त्यांना कोण नाही म्हणणार?

नाही म्हणाला तो पुण्याचाच भाचा. त्याने जे सांगितले ते ग्रुपवर नव्हे, आम्हाला एकट्याला सांगितले. नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात तो ऑनलाइन बैठकीत आपला पडदा सगळ्यांना दाखवत होता. कोपऱ्यात व्हॉट्सॲपची सूचना उमटली. सूचनेत ग्रुपचे नाव, पाठवणाऱ्याचे नाव आणि निरोपाचे पहिले शब्द दिसतात. तो आमच्या समाजाच्या विद्यार्थ्यांचा ग्रुप होता. कुणी काही बोलले नाही. पण त्या दिवसापासून दुपारच्या जेवणाला त्याला हाक मारणे बंद झाले आणि एकाने सहज विचारल्यासारखे विचारले, "तुझं सिलेक्शन कुठल्या राउंडमधून झालं रे?" त्या कंपनीत आरक्षण नाही, हे विचारणाऱ्यालाही माहीत होते.

काकांना हे त्याच्या परवानगीने सांगितले. काका भडकले. "नाव लपवायला आपण चोरी केली काय? आम्ही चाळीत दारावर पाटी लावत होतो." त्यांचे म्हणणे चूक नाही. आम्ही स्वतः गाडीवर निळा झेंडा लावून फिरतो, फोन उचलताना जयभीम म्हणतो आणि त्याची किंमत मोजायची तयारी ठेवतो. पण ती तयारी आमची आहे. आठवीतल्या पोरीची, भाड्याच्या घरात नव्याने राहायला गेलेल्या जोडप्याची, परीक्षेच्या तोंडी मुलाखतीला बसलेल्या भाचीची तयारी आम्ही परस्पर कशी ठरवणार? कुणासमोर, कधी आणि कशी ओळख सांगायची हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. ग्रुपचे नाव त्याला विचारून पडद्यावर येत नाही, ते बसमध्ये शेजारी बसलेल्यालाही दिसते. एवढ्यावरच आमचा विरोध होता. चळवळीच्या ग्रुपला जयभीम नाव द्यावेच, तिथे माणूस स्वतः ठरवून येतो. जन्माने ज्या ग्रुपमध्ये टाकला जातो, तिथला हिशेब वेगळा. काका दोन आठवडे बोलले नाहीत.

(सूचनेत नाव दिसू नये म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये बदल करता येतो, हे आम्हाला माहीत आहे. पण एकाहत्तर फोनमध्ये तो बदल करून देणारा माणूस आमच्या घरात अजून जन्मायचा आहे.)

तिसरे नाव आमचे स्वतःचे होते आणि त्यावर आम्ही फार खूश होतो. 'थोरल्या आईची माणसं'. थोरली आई म्हणजे आमची पणजी. आडनाव नाही, जात नाही, बाईचे नाव पुढे, लेकी आणि लेक सारखेच तिचे. आत्याआजींना विचारले, त्या हसल्या. आम्हाला वाटले झाले काम. मग गावच्या चुलत्यांचा फोन आला. आवाज अगदी हळू. "बाळा, थोरली तर आमची आजी. ती वारली म्हणून तुमची पणजी आली."

पणजोबांची दोन लग्ने झाली होती. पहिली बायको बाळंतपणात गेली, तिचा मुलगा दुसरीने वाढवला. त्या मुलाच्या वंशातली चौदा माणसे ग्रुपमध्ये आहेत. आमच्या बाजूला तिला थोरली आई म्हणायची सवय पडली, कारण आमच्यासाठी ती सर्वांत मोठी होती. आम्ही वंशावळ काढली होती, त्यात पहिली बायको एका कंसात होती. आडनावाने लेकींना बाहेर ठेवले म्हणून ज्या नावाची आम्ही बाजू घेत होतो, त्या नावाने एका मेलेल्या बाईला आणि तिच्या चौदा माणसांना बाहेर ठेवले असते. पूर्वजाच्या नावावर ग्रुप काढणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू, की आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, त्या पूर्वजाची लग्ने किती झाली होती. दत्तक कोण, सावत्र कोण, कुणाला घरातून तोडले होते. हे कागदावर सापडत नाही.

नाव शेवटी मिळाले ते आत्याआजींच्या बोलण्यातूनच. आम्ही त्यांना विचारत होतो, गावचे आणि मुंबईचे सगळे एकत्र कधी असायचे? त्या म्हणाल्या, "अडतीस नंबरात."

पणजोबा सातारा जिल्ह्यातून गिरणीत कामाला आले आणि वरळीच्या बीडीडी चाळीत त्यांना खोली मिळाली. बीडीडीची खोली म्हणजे १६० चौरस फूट. संडास मजल्यावर सामायिक. आत्याआजी त्या खोलीत जन्मल्या. सावत्र आजोबा त्याच खोलीत राहून रात्रशाळेत शिकले आणि नंतर गावी शिक्षक झाले. आमच्या आईचे लग्न तिथून लागले. लेकींची पहिली बाळंतपणे तिथे झाली, आणि जावई नोकरी शोधायला मुंबईत आले की त्यांची वळकटी तिथल्याच कोपऱ्यात असायची. जे गावीच राहिले तेही दर वर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीला यायचे आणि रात्री ३८ नंबरात थांबायचे. खोलीत मावायचे नाहीत, तर व्हरांड्यात सतरंज्या टाकायचे. १९८० नंतर लग्न होऊन आलेल्या सुनांनाही त्या रात्री किती भाकऱ्या थापल्या याचा आकडा पाठ आहे. म्हणजे भावकी, सोयरे, पहिलीचे, दुसरीचे, गावचे, मुंबईचे, सगळे त्या दारातून आत गेलेले. त्याला अपवाद फक्त २००५ नंतर जन्मलेल्या लेकरांचा, आणि नेमके त्यांनाच हे नाव सर्वांत आधी आवडले. नऊ वर्षांचा भाचा म्हणाला, "भारी आहे, गेममधल्या सिक्रेट रूमसारखं." त्याचा स्वतःचा फोन नाही, व्हॉट्सॲपची किमान वयाची अट तेरा वर्षांची आहे. पण आईच्या फोनवर ग्रुप तोच जास्त वाचतो.

पुढची कामे छोटी होती, तरी त्यातही डोके लागले. ग्रुपच्या नावाला पूर्वी पंचवीस अक्षरांची मर्यादा होती, आता शंभराची आहे. म्हणून लोक लांब नावे ठेवतात. पण आत्याआजींच्या मुलीच्या फोनवर अक्षरे सर्वांत मोठ्या मापाची केलेली आहेत. तिथे यादीत पहिले दोन-तीन शब्दच दिसतात, बाकी टिंबे. 'आमचा सुखी…' असे तीन ग्रुप तिच्या फोनमध्ये आधीच होते, आणि एकदा सोसायटीच्या ग्रुपवर तिने सुनेच्या सोनोग्राफीचा निरोप टाकला होता. तेव्हापासून ती काही पाठवायलाच घाबरायची. म्हणून ओळख पटवणारा शब्द पहिला हवा, 'आपला' आणि 'आमचा' नको.

दुसरी अडचण लिपीची. जर्मनीतल्या चुलतभावाची मुले देवनागरी अडखळत वाचतात आणि शोधायचे तर रोमन अक्षरे टाइप करतात. देवनागरीत लिहिलेले नाव रोमन टाइप करून सापडत नाही. आकड्यांचेही तसेच, `38` आणि `३८` फोनला वेगळे. म्हणून दोन्ही लिहिले, पण देवनागरी आधी, म्हणजे मोठ्या अक्षरांच्या फोनवर तेवढेच दिसेल:

`खोली नंबर ३८ | Kholi 38`

इमोजी घालायचा पोरांचा हट्ट होता. जुन्या फोनवर काही इमोजींच्या जागी चौकोन दिसतो, आणि आधीच्या नावातल्या चौकोनाला काकू इतकी वर्षे 'ती खिडकी' म्हणत होत्या. इमोजी नाही घातला. वाचता न येणाऱ्यांसाठी ग्रुपच्या फोटोत त्या खोलीचे दार ठेवले. पुनर्विकासासाठी खोली रिकामी करताना भाचीने तो फोटो काढला होता. दारावर रंगाने लिहिलेला आकडा आणि त्याच्या वर काकांनी सांगितलेली ती पाटी, 'जयभीम'. यादीतल्या छोट्या गोलात पाटी वाचता येत नाही. फोटो उघडला की स्वच्छ दिसते. पुण्याच्या भाच्याला आधी विचारले. तो म्हणाला, चालेल, उघडून बघणारा आपलाच असेल.

सगळे जुळले असे नाही. एका आतेभावाला अजून वाटते की गरिबीच्या खोलीचे नाव लावून आपण मुलांना काय दाखवतो आहोत. त्याने ग्रुप म्यूट केला आहे. त्याचा राग आम्ही समजू शकतो, त्याने ती खोली सर्वांत जास्त वर्षे भोगली. ग्रुपच्या वर्णनात पहिल्या बायकोचे नाव आधी आणि पणजीचे नंतर लिहिले, पण पहिलीचे माहेर कुठले हे कुणालाच सांगता आले नाही. गावचे चुलते जुनी शाळेची दाखलापत्रे पाहतो म्हणाले आहेत.

नाव बदलल्यावर मोठ्या काकांचा पहिला निरोप आला, तो व्हॉइस मेसेज होता. दोन मिनिटे सदतीस सेकंद. त्यात त्यांनी ३८ नंबरात ६ डिसेंबरच्या रात्री कोण कुठे झोपायचे ते कोपऱ्याकोपऱ्याने सांगितले. शेवटी म्हणाले, "आणि आत्या दाराशी. तिला वारा लागायचा." त्याखाली आत्याआजींच्या नातीने आजीचे उत्तर टाकले, "दाराशी तू होतास. मी मोरीपाशी." यावर अजून वाद सुरू आहे.